दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी वर्णन: श्रोता गोंधळला की संहितेत काय बदलायचं?

"आमच्या दोन अंकी नाटकाच्या एका प्रयोगाला दृष्टिहीन प्रेक्षकांना हेडफोनवर वर्णन ऐकवणार आहोत. रंगीत तालमीला एक दृष्टिहीन ताई ऐकायला बसल्या होत्या. तीन ठिकाणी कोण काय करतंय ते कळलं नाही, असं त्या म्हणाल्या. प्रयोगाला पाच दिवस आहेत. त्या जागी वर्णन वाढवू का?"

वाढवू नका, आधी ताईंना फोन करा. "काय कळलं नाही?" एवढंच विचारलंत तर पुन्हा तीच तीन ठिकाणं सांगतील. "त्या वेळी तुमच्या डोळ्यांपुढे काय चाललं होतं?" असं विचारा. चूक कुठे आहे ते त्या उत्तरात सापडतं, आणि ती बहुतेक वेळा गोंधळ झाला त्याच्या बरीच आधी असते.

आमच्या एका नाटकात थोरला भाऊ सुधाकर शेवटी एक पत्र जाळतो. तालमीला बसलेले काका म्हणाले, "जाळतो काय ते कळलंच नाही." आम्ही जाळण्याच्या प्रसंगाचं वर्णन तीनदा बदललं, तरी काही फरक पडेना. मग त्यांना वरचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "मघाशी त्याने खिडकी उघडली होती ना, मला वाटलं बाहेरून काहीतरी आलं." नाटकात खिडकी कोणी उघडतच नाही! जाळण्याच्या बारा मिनिटं आधीचं आमचं वाक्य असं होतं: "तो उठतो, टेबलावरचं पाकीट घेतो आणि खिडकीशी जाऊन उघडून वाचतो." संवादांमधली जागा तीन सेकंदांची. त्यात सावकाश बोलून सहा-सात शब्द बसतात, आमचे होते दहा. "वाचतो" येईपर्यंत धाकट्याने "कुणाचं आहे?" म्हणायला सुरुवात केली आणि काकांच्या कानात "खिडकीशी जाऊन उघडून" एवढंच उरलं.

मराठीत हे सतत होतं, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. जागा कमी पडली की गिळलं जातं ते नेमकं क्रियापदच, म्हणजे माणसाने काय केलं हेच जातं. म्हणून लांब वाक्य मोडून दोन छोटी करा आणि महत्त्वाची कृती पहिल्या वाक्यात संपवा. आम्ही केलं: "सुधाकर पाकीट फोडतो. वाचतो." खिडकी काढूनच टाकली. तिचा कथेशी संबंध नव्हता, आणि ती कुठे आहे ते नाटकाआधीच्या निवेदनात सांगून झालेलं होतं. जाळण्याच्या प्रसंगाला आम्ही मूळचंच वाक्य परत ठेवलं. पुढच्या तालमीत ते कळलं.

त्या ओळीतला "तो"ही काढला, ते तुमच्याकडेही तपासा. रंगमंचावर दोन पुरुष असतील तर "तो त्याला पाकीट देतो" या वाक्याचा हेडफोनवर काही उपयोग नाही. "ते" तर त्याहून त्रासाचं. "ते आत जातात" म्हटलं की आबा एकटे गेले की सगळे गेले, हे डोळ्यांनी बघणाऱ्यालाच माहीत. म्हणून मी वर्णनात प्रत्येक पात्राचा उल्लेख एकेरीत करते, आबांचासुद्धा, आणि असं का करते ते सुरुवातीच्या निवेदनात सांगते. नावही एकच ठेवा. आई "सुधा" म्हणते, भाऊ "दादा" म्हणतो आणि वर्णनात "थोरला" आला, तर ऐकणाऱ्याच्या घरात तीन माणसं राहायला येतात.

एखादी जागा अशीही निघेल की तिथे बघणाऱ्या प्रेक्षकालाही कळू नये असंच दिग्दर्शकाला हवं आहे. अंधारात दारात कोणीतरी उभं आहे, पण चेहरा दिसत नाही. तिथे नाव सांगून मोकळे होऊ नका. "दारात एक आकृती. चेहरा अंधारात." एवढं पुरे. दृष्टिहीन प्रेक्षकालाही ती हुरहुर मिळायला हवी, तो त्याच्या तिकिटाचा हक्क आहे. अशा जागांबद्दल दिग्दर्शकाला स्पष्ट विचारून घ्या.

दुरुस्त केलेली संहिता मनातल्या मनात वाचून तपासू नका. तालमीचं ध्वनिमुद्रण लावा, त्यावर मोठ्याने वाचा आणि जिथे आवाजावर आवाज चढतो तिथे पेन्सिलीने खूण करा. प्रत्येक जागेत अर्धा-एक सेकंद मोकळा ठेवा, कारण प्रयोगात नट तालमीपेक्षा घाईत बोलतात. वर्णन कधी सुरू करायचं याची खूणही घड्याळावर ठेवू नका. आधीच्या संवादाच्या शेवटच्या शब्दावर किंवा दाराच्या आवाजावर ठेवा.

पुन्हा ऐकवाल तेव्हा त्याच ताईंसोबत दुसरं कोणीतरी बसवा, ज्याला नाटक अजिबात माहीत नाही. ताईंना आता गोष्ट ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना कळलं म्हणजे वाक्य सुधारलं असं धरता येत नाही. तीन जागांच्या आधीचे प्रसंग जोडून ऐकवलेत तर अर्धी दुपार पुरेल. आणि त्या आधी हेडफोन स्वतः लावून शेवटच्या रांगेत बसून बघा. आमच्याकडे एकदा सगळी संहिता बदलून झाल्यावर कळलं की त्या एका हेडफोनमध्ये आवाजच तुटत होता.