सईला, झुरिकच्या लेकवरच्या नमस्कारांबद्दल

"बाबा, लेकवर कोणी कोणाला ग्रुएत्सी म्हणत नाही, मग तू सगळ्यांना का म्हणतोस? पुण्यात सगळे असेच असतात का?"

सई,

सगळे कुठले गं. लक्ष्मी रोडवर अनोळखी माणसाने नमस्कार केला तर लोक आधी खिसा चाचपतील. माझी सवय सिंहगडाची आहे. आण्णा मला रविवारी पहाटेच्या पीएमटीने न्यायचे, आतकरवाडीपासून पायवाटेने वर, माझ्या पायांनी दीड तास सहज. त्या वाटेवर उतरणारा आधी बोलतो, कारण चढणाऱ्याला दम लागलेला असतो, त्याने नुसती मान हलवली तरी चालतं. कोणी राम राम, कोणी जय शिवराय, कोणी हरी ओम, आणि समोरचा जे म्हणेल तेच आण्णा परत म्हणायचे, स्वतःचं घोडं पुढे दामटणं नाही. मी रडवेल्या आवाजात "किती राहिलं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "आलंच की, दहा मिनिटं!" आणि वीसेक मिनिटं चढून गेल्यावर पुढचा काकाही तेच सांगणार. पण पावसाळ्यात खरं सांगायचे, पुढे दगड शेवाळलेत, कडेकडेने जा वगैरे. म्हणजे नमस्कार हे निमित्त, वाटेची खबर मिळायची.

पुणे दरवाज्यातून आत गेलं की मात्र सगळं बंद. तिथे गाडीने आलेली गर्दी, कोणाकोणाला म्हणणार? आण्णासुद्धा गपचूप ताक प्यायचे.

आता हे सगळं गोड वाटतंय खरं, पण अनुआत्याला विचार. ती कॉलेजात असताना एकटी चढायची तेव्हा मान खाली घालून चालायची, कारण एकाला हसून उत्तर दिलं की तो मागे वळून सोबत चालायला लागायचा. "दादा, तुम्हा पुरुषांना सोपंय" म्हणायची, आणि आण्णांकडे यावर उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. शिवाय दह्याची मडकी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायकांना आमच्यातले किती जण राम राम करायचे कोण जाणे. त्याच बोलायच्या, "दमलास व्हय रं?"

त्यामुळे तू म्हटलंच पाहिजेस असं अजिबात नाही. मला आवडतं म्हणून मी म्हणतो, एवढंच. आणि युटलीबर्गच्या चढावर तर इथले लोकही म्हणतात ना, आपण तिघं दिसलो की पुढे "मितेनाँड" जोडून! वर स्टेशनपाशी गर्दी लागली की तेही थांबतात, अगदी पुणे दरवाज्यासारखं. लेक म्हणजे झुरिकचा लक्ष्मी रोड आहे हे मला कळायला हवं होतं असं तुझी आई म्हणते. बरं, लेकवर आवरतं घेतो. फक्त त्या कुत्रेवाल्या आजी आता स्वतःहून आधी म्हणतात, त्यांना उत्तर द्यावंच लागेल, तेव्हा तू हवं तर दोन पावलं पुढे चाल.

बाबा