सी-पेप्टाइड नॉर्मल, गॅड पॉझिटिव्ह: टाइप १ की टाइप २?

वय ३८, वजन ५८ किलो. सहा महिन्यांपूर्वी शुगर निघाली, ग्लिमेपिराइड चालू आहे. गॅड अँटीबॉडी बरीच जास्त आली, पण सी-पेप्टाइड १.१ म्हणजे नॉर्मल आहे. मग हा टाइप २ च ना?

नाही, बहुधा हा हळूहळू येणारा टाइप १ आहे, ज्याला डॉक्टर ‘लाडा’ म्हणतात. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. गॅड सांगते की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर शरीरच हल्ला करतंय. सी-पेप्टाइड सांगतं की आज किती इन्सुलिन बनतंय. लाडात सुरुवातीला ते नॉर्मल दिसू शकतं, म्हणून त्या एका आकड्यावर निर्धास्त राहू नका.

सी-पेप्टाइड काढलं तेव्हा रक्तातली साखर किती होती, हे रिपोर्टवर बघा. साखर १८० असताना १.१ म्हणजे पेशी कमी पडतायत. ८० असताना तोच आकडा फारसं काही सांगत नाही. किडनी बिघडलेली असेल तर तो खोटा वाढतो. साधारण ०.९ च्या खाली इन्सुलिन लागतंच, २.१ पर्यंत मधला पट्टा. तिथे दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात.

गॅड थोडीशीच वाढलेली असती तर मी आधी ती पुन्हा करायला सांगितली असती, कारण टाइप २ मध्येही कधी कधी अशी येते.

ग्लिमेपिराइडबद्दल लवकर विचारा; लाडात ते टाळतात. मनानं बंद मात्र करू नका. वजन घटतंय, उलट्या होतायत किंवा लघवीत कीटोन दिसले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.