अप्रकाशित, आगामी, मुद्रणाधीन : सूचीत काय आणि मजकुरातच काय?

प्रश्न : «मालवणीतल्या मासेमारीच्या शब्दांवर प्रबंध लिहिते आहे. एका अभ्यासकांचा ई-मेल, एक न छापलेली एम.फिल.ची प्रबंधिका, एक 'आगामी' लेख आणि गाबित मच्छीमारांशी झालेली बोलणी, असे आधार आहेत. यातलं संदर्भसूचीत काय घालायचं? आणि 'पर्सनल कम्युनिकेशन'ला मराठीत काय म्हणायचं?»

घोळ होतो तो 'अप्रकाशित' या शब्दामुळे. न छापलेलं ते सूचीत नाही, असा समज त्यातून तयार होतो आणि तो चुकीचा आहे. तुमच्या मदतीशिवाय वाचक स्वतः जाऊन ती गोष्ट पाहू शकेल का, यावर सूचीतली जागा ठरते. पेशवे दफ्तराचं उदाहरण घ्या. त्यातले काही निवडक कागद १९३०च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत छापले गेले. बाकीचे असंख्य कागद आजही पुण्याच्या अभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. रुमालात राहिलेलं पत्र अप्रकाशितच आहे, पण रुमाल क्रमांक दिला की दुसरा अभ्यासक ते मागवून वाचू शकतो. म्हणून त्याला सूचीत जागा आहे. कालच आलेला ई-मेल मात्र फक्त तुमच्या खात्यात आहे, वाचकाला तिथे पोहोचता येत नाही. त्याचा उल्लेख मजकुरातच व्हायला हवा. पुढे त्या अभ्यासकांचा पत्रव्यवहार एखाद्या ग्रंथालयाने जतन करून खुला केला, तर तोच ई-मेल सूचीत येऊ शकेल.

हा नियम एपीए पद्धतीचा आहे (सातवी आवृत्ती, २०२०). शिकागो पद्धतीतही असे उल्लेख टीपेत किंवा मजकुरात देतात, ग्रंथसूचीत सहसा नाही. एमएलएमध्ये मात्र ई-मेल आणि स्वतः घेतलेली मुलाखत सूचीत नोंदवतात. त्यामुळे विभागाने कोणती पद्धत ठरवली आहे ते आधी विचारून घ्या. पुढचं सगळं एपीए धरून लिहिलं आहे.

ई-मेलचा उल्लेख मजकुरात असा येईल :

(अ. ब. आडनाव, व्यक्तिगत संवाद, १२ मार्च २०२४)

इथे आद्याक्षरं आणि पूर्ण तारीख दोन्ही दिली आहेत, याला कारण आहे. नेहमीच्या संदर्भात मजकुरात आडनाव आणि साल पुरतं, कारण बाकीचा तपशील सूचीत असतो. इथे सूचीत नोंदच नाही, म्हणून व्यक्ती ओळखू येईल इतकं मजकुरातच द्यावं लागतं. फोन, व्हॉट्सॲपचा संदेश, ध्वनिमुद्रण न झालेलं व्याख्यान, वर्गातली शिकवणी, सगळ्यांना हाच साचा लागू होतो. उल्लेख करण्याआधी त्या व्यक्तीची परवानगी घ्या. ई-मेलमध्ये सहज कळवलेली व्युत्पत्ती प्रबंधात आपल्या नावावर छापली जावी, असं प्रत्येकाला वाटेलच असं नाही.

आता शब्द. 'वैयक्तिक संपर्क' असं पुष्कळ ठिकाणी लिहितात, पण संपर्क झाला म्हणजे माहिती मिळाली असं होत नाही. 'पत्रव्यवहार'मध्ये फोन आणि समक्ष बोलणं बसत नाही. 'खासगी' म्हटलं की गुपिताचा वास येतो. 'संज्ञापन' बरोबर आहे, पण पाठ्यपुस्तकाबाहेर कुणी वापरत नाही. 'व्यक्तिगत संवाद' यात पत्र, फोन, भेट सगळं सामावतं, म्हणून मला तोच योग्य वाटतो.

मच्छीमारांशी झालेली बोलणी मात्र व्यक्तिगत संवादाच्या साच्यात घालू नका. ती मंडळी तुमच्या संशोधनातली सहभागी आहेत, त्यांचं बोलणं ही तुमची सामग्री आहे. मजकुरात 'भाषक ३, मालवण, साठीतील पुरुष' असं संकेतनाम द्या. सूचीत काहीच नको. संकेतनामांचा तक्ता परिशिष्टात लावा आणि त्यात मुलाखतीची तारीख, गाव, ध्वनिमुद्रण आहे की नाही हे लिहा. इथे चूक कशी होते ते सांगतो. मजकुरात नाव लपवायचं आणि तोच माणूस दुसऱ्या प्रकरणात नावानिशी 'व्यक्तिगत संवाद' म्हणून आणायचा, असं झालं की गाव आणि वय जुळवून वाचक त्याला सहज ओळखतो. गुप्ततेचं दिलेलं वचन तिथेच मोडतं.

एम.फिल.ची प्रबंधिका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेली असेल, तर ती सूचीत येते :

आडनाव, अ. ब. (२०१६). *प्रबंधिकेचे शीर्षक* [अप्रकाशित एम.फिल. प्रबंधिका]. विद्यापीठाचे नाव.

पण तीच शोधगंगेवर सापडली, तर 'अप्रकाशित' हे विशेषण काढा. ती आता खुल्या भांडारात आहे, म्हणून विद्यापीठाचं नाव चौकटी कंसात प्रबंधिकेच्या प्रकाराबरोबर जातं आणि शेवटी शोधगंगेचं नाव व दुवा येतो. वर 'अप्रकाशित' लिहून खाली दुवा देणं, ही विसंगती परीक्षकांच्या लगेच नजरेत भरते.

राहिला 'आगामी' लेख, आणि सगळ्यात जपून वापरायचा शब्द हाच. पुस्तकाच्या मलपृष्ठावर प्रकाशक 'आगामी पुस्तके' छापतात, तेव्हा त्यातल्या काहींची हस्तलिखितं पूर्णही झालेली नसतात. 'आगामी'मधून फक्त इरादा कळतो, लेख कोणत्या टप्प्यावर आहे ते कळत नाही. सूचीला टप्पा हवा असतो. संपादकांनी लेख स्वीकारल्याचं लेखी कळवलं असेल, तरच सालाच्या जागी '(मुद्रणाधीन)' लिहा आणि नियतकालिकाचं नाव द्या. दिवाळी अंकासाठी ऑगस्टमध्येच स्वीकारलेला लेखही याच सदरात येतो. नुसता पाठवलेला लेख असेल, तर मसुद्याचं साल आणि '[प्रकाशनासाठी सादर केलेले हस्तलिखित]' एवढंच द्या. नियतकालिकाचं नाव मुळीच देऊ नका. लेख नाकारला गेला, तर त्या नावाची पत तुमच्या सूचीने उसनी घेतल्यासारखं होतं. अजून लिहिलाच जात असेल, तर '[लेखन चालू असलेले हस्तलिखित]'. त्याचा मसुदा लेखकाने फक्त तुम्हाला पाठवला असेल, तर माझ्या मते व्यक्तिगत संवादच जास्त प्रामाणिक ठरतो.

क्रमाचं एक लक्षात ठेवा. एकाच लेखकाच्या नोंदींत मुद्रणाधीन नोंद सालं असलेल्या सगळ्या नोंदींच्या शेवटी येते. दोन असतील, तर 'मुद्रणाधीन-अ', 'मुद्रणाधीन-ब'. पृष्ठ क्रमांक द्यायचे नाहीत, कारण लेखकाने पाठवलेल्या फाइलमधली पानं छापील पानांशी जुळणार नाहीत.

प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात या नोंदी पुन्हा तपासा. लेख छापून आला असेल, तर सूचीत साल, अंक आणि पानं भरा, मजकुरातला प्रत्येक '(आडनाव, मुद्रणाधीन)' शोधून बदला आणि नोंद सालानुसार वर हलवा. मजकुरातली एखादी जागा हमखास सुटते, म्हणून शेवटी संपूर्ण फाइलमध्ये 'मुद्रणाधीन' हा शब्द एकदा शोधून पाहा.