मेडिकलच्या बिलावरची सूट खरी किती, ते स्ट्रिप हातात घेऊनच कळतं

प्रश्न: नाशिकला आमचा मेडिकलवाला बिलाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्यावर २०% सूट दिसते, पण बिलातली एमआरपी आणि स्ट्रिपवर छापलेली एमआरपी काही औषधांची जुळत नाही. प्रत्येक औषधावर खरी सूट किती टक्के, हे कसं काढायचं?

उत्तर:

मी गोळे कॉलनीत एका होलसेलरकडे काही वर्षं बिलिंगला होतो. आता ते काम सुटलं, पण बिल दिसलं की आधी बॅच नंबर वाचायची खोड राहिली आहे. माझ्या आईची औषधं दर महिन्याला घराजवळच्या एका मेडिकलमधून येतात. त्यातलंच एक बिल घेऊन सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या बिलावर तसंच करून बघता येईल.

बिलात चार औषधं होती. ब्लड प्रेशरची टेल्मिसार्टन-अ‍ॅमलोडिपिन, शुगरची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची रोझुव्हास्टॅटिन आणि डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स. स्क्रीनशॉटप्रमाणे एमआरपीची बेरीज ७४० रुपये, भरायचे ६२१.६० आणि खाली ठळक अक्षरात ‘आपली बचत ११८.४०’. म्हणजे एकूण सूट १६%. दुकानावर बोर्ड २० टक्क्यांचा आहे, पण ड्रॉप्स ‘नेट’ होते, त्यांच्यावर सूट नव्हती. म्हणून १६ आले. इथवर हिशोब बरोबर दिसतो.

आता स्ट्रिपा समोर घ्या. सूत्र शाळेतलंच आहे: एमआरपीतून दिलेले पैसे वजा करायचे, उत्तराला एमआरपीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. चूक सूत्रात होत नाही, त्यात कुठला आकडा घालायचा इथे होते.

सगळ्यात जास्त फसवते ती क्वांटिटी. काही दुकानांच्या बिलात क्वांटिटी गोळ्यांत असते आणि एमआरपी पूर्ण स्ट्रिपची. माझ्या बिलात ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनसमोर ४५ लिहिलं होतं, एमआरपी ६४ आणि रक्कम १५३.६०. स्ट्रिप दहाची असेल असं गृहीत धरून मी एका गोळीचे ६.४० काढले, ४५ गोळ्यांचे २८८ आले आणि सूट निघाली जवळजवळ ४७%. एवढी सूट कोण देतं! स्ट्रिप उलटी करून मोजली तर गोळ्या पंधरा. म्हणजे तीन स्ट्रिपा, १९२ रुपये, आणि सूट बरोबर २०%. म्हणून मी आधी एका गोळीचा भाव काढतो आणि मगच पुढे जातो. गूगल शीटमध्ये असं मांडा: B मध्ये स्ट्रिपवर छापलेली एमआरपी, C मध्ये स्ट्रिपमधल्या गोळ्या, D मध्ये घेतलेल्या गोळ्या, E मध्ये त्या औषधाचे प्रत्यक्ष दिलेले पैसे.

```
=ROUND((1-E2/(B2/C2*D2))*100, 2)
```

ड्रॉप्स किंवा सिरपसाठी C मध्ये १ आणि D मध्ये बाटल्यांची संख्या. सुट्या गोळ्या घेतल्या असतील तरी हेच सूत्र चालतं. कायदाही हेच सांगतो: औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ प्रमाणे सुट्या गोळ्यांचा भाव पूर्ण पॅकच्या भावाच्या प्रमाणापेक्षा जास्त लावता येत नाही.

E मध्ये घालायचा आकडा शेवटच्या ‘अमाउंट’ रकान्यातला, ‘रेट’ रकान्यातला नाही. काही बिलांत रेट कराविना दाखवतात, आणि एमआरपी तर सगळे कर धरूनच असते. माझ्या टेल्मिसार्टनच्या दोन स्ट्रिपांचे १७९.२० झाले. त्यातला ५% जीएसटी काढला तर एका स्ट्रिपचा रेट ८५.३३ येतो. तो थेट ११२ च्या एमआरपीशी लावला तर सूट २३.८% दिसते. दिलेली खरी रक्कम लावली तर २०%. स्क्रीनशॉट कडेला कापला गेला असेल तर अमाउंटचाच रकाना जातो, त्यामुळे पूर्ण बिल मागवा, पीडीएफ असेल तर उत्तम.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येतो, बिलातली आणि स्ट्रिपवरची एमआरपी न जुळण्याकडे.

रोझुव्हास्टॅटिनची एमआरपी बिलात ८८ होती. दोन स्ट्रिपांचे १७६, त्यावर २०% सूट जाऊन १४०.८०. हातातल्या दोन्ही स्ट्रिपांवर मात्र छापील किंमत ८०. बॅच नंबर लावून बघितला तर बिलातली बॅच वेगळी, स्ट्रिपवरची वेगळी. हे दुकानात सहज होतं. ज्या औषधांची किंमत सरकारने बांधून दिलेली नाही, त्यांची एमआरपी कंपनीला बारा महिन्यांत १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. ८० चे ८८ म्हणजे नेमके १०%. नवा माल आला, त्याची बॅच कॉम्प्युटरवर चढली, फळीवर मात्र जुन्या स्ट्रिपा पुढे होत्या. पोराने पुढची स्ट्रिप उचलली आणि बिल नव्या बॅचचं फाडलं. माझ्याकडूनही हे अनेकदा झालंय, लबाडी असेलच असं नाही. पण हिशोब बदलतो. खरी एमआरपी १६०, दिलेले १४०.८०, म्हणजे सूट १२%.

इथे कोणती एमआरपी धरायची? त्याच आदेशात लिहिलंय की ग्राहकाला औषध चालू किंमत यादीतल्या किमतीपेक्षा किंवा पॅकवर छापलेल्या किमतीपेक्षा, दोन्हींत जी कमी असेल तिच्यापेक्षा, जास्त दराने विकता येत नाही. म्हणून यादीत ८८ असले तरी हातातल्या स्ट्रिपची मर्यादा ८०. माझ्या दुकानदाराने मर्यादा ओलांडली नव्हती, ७०.४० ला एक स्ट्रिप दिली होती. खोटा होता तो फक्त टक्का.

‘जी कमी असेल ती’ या शब्दांचा दुसरा उपयोग टेल्मिसार्टन-अ‍ॅमलोडिपिनमध्ये झाला, आणि हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिथे बिल आणि स्ट्रिप दोन्हीकडे ११२ च होते, बॅचही जुळत होती. पण स्ट्रिपवर उत्पादनाचा महिना मे २०२५ होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बाजारात गेलेला जुना माल परत बोलावून नवी लेबलं चिकटवण्याची सक्ती कंपन्यांवर झाली नाही. त्यांनी सुधारित किंमत यादी दुकानदारांना द्यायची आणि विक्री त्या किमतीने होईल हे बघायचं, एवढं पुरेसं धरलं गेलं. म्हणजे स्ट्रिपवर जुना आकडा तसाच राहतो, पण मर्यादा यादीतल्या नव्या आकड्याची.

कंपनीने फक्त कर कमी केला असेल तर नवी एमआरपी काढणं सोपं आहे. ११२ मध्ये १०० मूळ किंमत आणि १२ कर होता, आता १०० आणि ५, म्हणजे १०५. कोणत्याही जुन्या छापील किमतीला १०५ ने गुणून ११२ ने भागा, की अंदाज मिळतो. किंमत ६.२५% खाली येते, ७% नाही. दोन स्ट्रिपांची खरी एमआरपी २१० झाली, दिलेले १७९.२०, आणि सूट निघाली १४.६७%. उरलेले पाचेक टक्के दुकानदाराची सूट नव्हती, करातली कपात होती, ती मला मिळायचीच होती. मात्र हा भागाकार अंदाजापुरताच वापरा. नेमका आकडा कंपनीच्या सुधारित यादीत असतो आणि ती यादी दुकानात दर्शनी भागात लावायची असते. लावलेली नसेल तर मागा. सरकारचं ‘फार्मा सही दाम’ अ‍ॅप आहे, त्यावरही औषधाचं नाव टाकून बघता येतं.

ड्रॉप्सवर शून्य टक्के, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. बाटलीवर १४८, बिलात १४८, बाटलीही नवीन छपाईची.

तर माझ्या बिलाची खरी एमआरपी २१०, १९२, १६० आणि १४८ मिळून ७१० निघाली. दिलेले ६२१.६०, म्हणजे सूट ८८.४०, साधारण १२.४५%. बिल म्हणत होतं १६. एक सांगतो, चार औषधांच्या टक्क्यांची बेरीज करून चारने भागू नका. तसं केलं तर ११.६७ येतात, कारण महागड्या आणि स्वस्त औषधाला सारखंच वजन दिलं जातं. आधी रुपयांची बेरीज करा, टक्का शेवटी काढा. घरपोच पाठवण्याचे पैसे लावले असतील तर ते या हिशोबात मिसळू नका, खाली वेगळे लिहा. नाहीतर प्रत्येक औषधाची सूट उगाच कमी दिसते.

मी चारही स्ट्रिपा-बाटल्या आणि स्क्रीनशॉट घेऊन दुकानात गेलो. रोझुव्हास्टॅटिनचं बघताच तो म्हणाला, “बॅच चुकली दादा, पोराने नवीन टाकली.” १६० वर २०% धरले तर १२८ व्हायला हवे होते, १२.८० परत द्यायला तो लगेच तयार झाला. टेल्मिसार्टनवर मात्र अडला. “पाकिटावर ११२ छापलंय, मी काय करू?” मी म्हटलं, कंपनीची यादी काढा. ती त्याच्या होलसेलरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली होती, पण बिलिंगमध्ये कोणी भरलीच नव्हती. यादीत १०५ च निघाले. २१० वर २०% म्हणजे १६८, त्यामुळे आणखी ११.२० निघाले.

असे एकूण २४ रुपये त्याने आईच्या खात्यावर जमा लिहिले. पुढच्या महिन्याचं बिल आलं तेव्हा टेल्मिसार्टनसमोर १०५ होते. स्ट्रिप मात्र त्याच मे २०२५ च्या बॅचची होती, ११२ छापलेली.