फळ्यावर ऑइल पेंट, पण घंटा जागेवर

प्रश्न: गरीब घरातली मुलं पैशासाठी गुन्हे करतात हे समजतं, पण शाळेची मोडतोड करून त्यांना काय मिळतं? कोहेनचा सिद्धांत पेपरला आहे, कोणी सोपं करून सांगेल का?

उत्तर:

पैशात मोजलं तर काहीच मिळत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अल्बर्ट कोहेनने १९५५ मध्ये हाच मुद्दा धरला होता.

आमची शाळा ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूला. आठवीपासून मार्कांवर तुकड्या पडायच्या आणि थोरला भाऊ ड मध्ये गेला. बाबा कारखान्यात शिफ्टला, घरी अभ्यास घेणारं कोणी नाही. भाऊ सायकलच्या चाकाचा आउट नुसत्या नजरेने काढायचा, पण त्याला मार्क नव्हते. दहावीचा निकाल चकचकीत दिसावा म्हणून शाळा नववीतच चाळण लावायची, त्यात तो अडकला. दिवाळीच्या सुट्टीत चार पोरांनी शाळेत शिरून गुणवंतांच्या फळ्यावर काळा ऑइल पेंट फासला. शेजारी पितळी घंटा टांगलेली होती, भंगारात बरे पैसे आले असते. तिला कोणी हात लावला नाही.

कोहेनचं म्हणणं असं, की शाळा सगळ्यांना मध्यमवर्गीय मोजपट्टी लावते: नीट बोलणं, शिस्त, उद्यासाठी आज कळ काढणं. कामगारांची मुलं तिच्यात कमी पडतात, आणि हवा असलेला मान मिळत नाही म्हणून आतून धुमसतात. यालाच तो दर्जा-वैफल्य म्हणतो. मग ती मोजपट्टीच उलटी धरतात. ड तुकडीत वही पूर्ण असणाऱ्याची टिंगल व्हायची आणि छडी खाऊन हसणारा हिरो ठरायचा.

मामा आजही म्हणतात, ‘संगतीने बिघडला.’ अहो, ती संगत जमवली कोणी? हरलेली सगळी पोरं एका खोलीत शाळेनेच कोंबली ना? एकाच दुखण्याची पोरं एकत्र आली की त्यांचे वेगळे नियम तयार होतात, हे कोहेनही सांगतो. हारग्रीव्ह्जला १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत खालच्या तुकड्यांत हेच दिसलं. एलियट आणि व्हॉस यांच्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात (१९७४) तर शाळा सोडल्यावर मुलांचे गुन्हे कमी झाले. भावाचंही तसंच झालं. शाळा सुटली, गॅरेजला लागला, नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली. पोलीस कधी दारात आले नाहीत. मग संगत बदलली कुठे? गॅरेजवर तीच पोरं यायची!

पेपरात मात्र टीकाही लिहा, नाहीतर मार्क कापतील. साइक्स आणि मात्झा (१९५७) म्हणतात, या मुलांना अपराधी वाटतं आणि ती सबबी शोधतात, म्हणजे मूल्यं पुरती उलटलेली नसतात. डाउन्सला लंडनमध्ये (१९६६) बंडापेक्षा शाळेबद्दलची बेफिकिरीच जास्त दिसली. मुलींबद्दल कोहेन फारच वरवर बोलतो. आणि नापास झालेली बहुतेक मुलं नाक्यावर गप्पा मारण्यापलीकडे काही करत नाहीत, हे खुद्द कोहेनलाही मान्य आहे.