ऑफिसात नमस्ते की हाय?

प्रश्न: जर्मनीत नवीन जॉब लागलाय. एक कलीग रोज सकाळी बाकी सगळ्यांना हालो म्हणते आणि फक्त मला हात जोडून नमस्ते. मी पण नमस्ते म्हणू की हाय? आणि तिने अर्थ विचारला तर काय सांगू?

उत्तर: तिने नमस्ते म्हटलं की तुम्ही पण नमस्तेच म्हणा. त्यावर हाय म्हणालात तर तिला वाटेल आपलं काहीतरी चुकलं, आणि ती बहुतेक आपुलकीनेच म्हणत असणार. मी स्वतःहून मात्र सगळ्यांना हालो किंवा हायच म्हणते. त्यात आपलं काही सोडलं असं मला वाटत नाही, कारण पुण्या-मुंबईच्या ऑफिसात तरी शेजारच्या टेबलावरच्याला रोज कोण हात जोडतं? आपण नमस्कार करतो तो मोठ्या माणसांना, पहिल्यांदा भेटणाऱ्याला, फार दिवसांनी भेटलेल्याला. आणि मराठीत बोलताना आपल्या तोंडात मुळात नमस्कारच येतो, नमस्ते हिंदीत जास्त.

आता अर्थाचं. माझी पण अशीच एक कलीग होती, योगाच्या क्लासला जाणारी, तिने किचनमधे कॉफी घेताना मला विचारलं की नमस्ते हे 'डू'वालं आहे की 'झी'वालं, म्हणजे तू म्हणतो त्याला की अहो-जाहो करतो त्याला. मी आधी पटकन म्हणाले अर्थात आदराचं, आणि मग घरी येऊन विचार केला तर मजाच आहे, कारण नमः म्हणजे नमन, वाकणं, आणि 'ते' म्हणजे तुला. तुम्हाला नाही, तुला. शाळेत संस्कृत असेल तर आठवेल, तुभ्यम् चं छोटं रूप 'ते'. अथर्वशीर्षाची सुरुवातच बघा ना, ॐ नमस्ते गणपतये, म्हणजे तुला गणपतीला नमन असो, आणि पुढे सगळं त्वमेव त्वमेव. आपण विठोबाला पण अहो म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तिला एवढंच सांगितलं की शब्दात तू आहे पण आदर वाकण्यात आहे, म्हणून बॉसला पण चालतं आणि लहान मुलाला पण. जर्मन माणसाला हे लगेच कळतं कारण त्यांच्या भाषेत पण देवाला डूच म्हणतात.

तिला क्लासमधे सांगितलं होतं की 'माझ्यातलं दैवत तुझ्यातल्या दैवताला वंदन करतं' असा त्याचा अर्थ. हे तुम्हालाही ऐकायला मिळेलच. चूक आहे असं तोंडावर म्हणू नका, तिला ते आवडलेलं असतं. मी म्हणाले की तो भाव सुंदर आहे, पण शब्दात तेवढं नाहीये, शब्दात फक्त 'तुला नमन' आहे, बाकीचं लोकांनी त्यात बघितलेलं आहे. दोन वाक्यं, बास. तिला आणखी हवं असेल तर ती विचारते, नाहीतर कॉफी पिऊन होते आणि आपण व्याख्यान दिलं असं होत नाही. क्लास संपताना म्हणतात म्हणून ती संध्याकाळी निघताना पण म्हणायची, ते बरोबरच आहे, आपण भेटताना आणि निघताना दोन्ही वेळा म्हणतो. उच्चार मी कधी सुधारला नाही, एकदा तिनेच विचारलं तेव्हा सांगितलं की त म्हणताना जीभ दातांना लागते आणि पहिला न लांबवायचा नाही.

फक्त तुम्हालाच वेगळं करतात हे खुपत असेल तर तेही साधेपणाने सांगता येतं. मी म्हणाले, मला बाकीच्यांसारखं हालो म्हटलंस तरी मला छान वाटेल, आणि प्रत्येक भारतीय नमस्तेच म्हणतो असंही नाही, कोणी रामराम म्हणतं, कोणी जय भीम, कोणी सलाम, त्यामुळे नवीन कोणी आलं तर आधी तो काय म्हणतो ते ऐक. ती अजिबात रागावली नाही. पण कोणी चारचौघांत हात डोक्यावर जोडून, कंबरेत वाकून, बाकीच्यांकडे बघत हसत करत असेल तर ती आपुलकी नाही. तिथे अर्थ समजावत बसू नका, शांतपणे हालो म्हणा आणि कामाचं बोला, परत केलं तर एकटं गाठून सांगा की हे मला आवडत नाही.

आता ती मला रोज हालोच म्हणते. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती, तिला ऑफिस दाखवायला नेलं तेव्हा मात्र त्या कलीगने कॉफीचा कप बाजूला ठेवला आणि नीट हात जोडून नमस्ते म्हणाली, आणि आईने नमस्कार म्हटल्यावर माझ्याकडे वळून विचारलं, हा वेगळा शब्द आहे का?