एफडी मोडून अल्गोत टाकू का? 48 रुपयांतले 42 कुठे जातात ते आधी पाहा

प्रश्न: मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. इंट्राडेसाठी स्वतःच अल्गो प्रोग्राम लिहिलाय. दिवसाला साधारण 6 सौदे होतात, प्रत्येकी 40,000 रुपयांचे. जुन्या भावांवरच्या बॅकटेस्टमध्ये एका सौद्यामागे सरासरी 0.12 टक्के नफा येतो, म्हणजे माझ्या 3 लाखांवर वर्षाला 23 टक्क्यांच्या वर. त्यात खर्च धरलेला नाही, पण ब्रोकरेज तसं किरकोळच आहे. चार महिने खऱ्या पैशांनी चालवला, तर सर्व्हरचे महिन्याचे 1,500 धरून साधारण 8,000 रुपये खिशातून गेले. 7 लाखांची एफडी आहे, 6.8 टक्क्यांची. ती मोडून भांडवल 10 लाख केलं तर गणित जमेल का? बायको म्हणते, एफडीला हात लावू नकोस.

उत्तर:

एफडी मोडू नका. तुमचा प्रोग्राम वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. तुम्ही दिलेले आकडे घेऊन बसलो, तर चार महिन्यांत 8,000 जाणं अगदी अपेक्षित होतं. नशीब खराब नव्हतं आणि बाजारही तुमच्यावर रुसला नव्हता. हा खर्च पहिल्या दिवसापासून ठरलेलाच होता.

एकच सौदा हातात घेऊ. 400 रुपयांचा शेअर, 100 नग, म्हणजे 40,000 रुपये. 0.12 टक्के म्हणजे 48 रुपये, शेअरमागे 48 पैसे. आता त्या दिवशी संध्याकाळी मेलवर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा आणि अगदी खालचा तक्ता वाचा. बहुतेक जण वरचं खरेदी-विक्रीचं पान बघून फाइल बंद करतात.

डिस्काउंट ब्रोकरचा नेहमीचा दर म्हणजे ऑर्डरमागे 20 रुपये किंवा 0.03 टक्के, यातलं जे कमी असेल ते. 40,000 वर ते 12 रुपये होतात, पण घेताना 12 आणि विकताना 12, असे 24. एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी कर, इंट्राडेत फक्त विक्रीवर लागतो, 0.025 टक्के, म्हणजे 10 रुपये. एक्स्चेंजचा व्यवहार आकार लाखाला सुमारे 3 रुपये, तोही दोन्ही बाजूंना, म्हणून 2 रुपये 38 पैसे. खरेदीवर मुद्रांक शुल्क 0.003 टक्के, 1 रुपया 20 पैसे. सेबीचं शुल्क कोटीला 10 रुपये, ते इथे 8 पैसे. आणि ब्रोकरेज, एक्स्चेंजचा आकार, सेबीचं शुल्क यांच्या बेरजेवर 18 टक्के जीएसटी, 4 रुपये 76 पैसे. सगळं मिळून 42 रुपये 42 पैसे.

48 मधून 42 गेले. शेअरमागे साडेपाच पैसे उरले.

खरी गोम इथे आहे. नफा मिळतो तो भावातल्या बारीकशा फरकावर, पण खर्च कापला जातो पूर्ण 40,000 च्या उलाढालीवर. सौदा तोट्यात गेला तरी एसटीटी तेवढाच आणि ब्रोकरेजही तेवढंच. म्हणून ‘0.03 टक्के’ हा आकडा किरकोळ वाटतो, पण तो भांडवलाशी ताडून बघायचा नसतो, त्या सौद्यातल्या नफ्याशी ताडायचा असतो. तुमच्या बाबतीत एकूण खर्च सौद्याच्या 0.106 टक्के आहे आणि कमाई 0.12 टक्के.

आता वर्षाचं बघू. सुट्ट्या वगळून 245 दिवस धरले तर 1,470 सौदे होतात. ढोबळ नफा 70,560 रुपये, तुमचे ते 23 टक्के हेच. खर्च 62,357 रुपये. म्हणजे 3 लाखांच्या भांडवलातले जवळजवळ 21 टक्के दरवर्षी फक्त शुल्क आणि करांत जातात, आणि यात आयकर अजून धरलेलाच नाही.

यात अजून एक गळती आहे, जी कॉन्ट्रॅक्ट नोटवरही दिसत नाही. बॅकटेस्ट बहुधा कॅन्डलच्या बंद भावाला सौदा झाला असं मानते. प्रत्यक्षात तुम्ही विकणाऱ्याच्या भावाला घेता आणि घेणाऱ्याच्या भावाला विकता. 400 च्या शेअरला भाव 5-5 पैशांनी हलतो. दोन्ही वेळा फक्त एकेक पायरी निसटली तरी 100 नगांवर 10 रुपये गेले. उरलेले साडेपाच रुपये तिथेच संपले आणि सौदा उणे साडेचारवर आला. वर्षाला हे 14,700 होतात. सर्व्हरचे 18,000 त्यात मिळवा. सगळी वजाबाकी केली की वर्षाला साधारण 24,500 रुपयांचा तोटा निघतो, चार महिन्यांचा 8,100 च्या आसपास. तुमच्या खिशातून नेमके तेवढेच गेलेत. त्यामुळे प्रोग्राममध्ये बग शोधत बसू नका.

मग भांडवल वाढवलं तर? तुमची शंका अगदीच चुकीची नाही, म्हणून हेही नीट मोजतो. 20 रुपयांची मर्यादा 66,667 रुपयांच्या ऑर्डरला लागू होते. त्यापुढे सौदा कितीही मोठा झाला तरी ब्रोकरेज ऑर्डरमागे 20 च राहतं, म्हणून टक्केवारीत खर्च उतरतो. 1,20,000 च्या सौद्याला एकूण खर्च साडे 89 रुपये येतो, म्हणजे सुमारे 0.075 टक्के. ढोबळ नफा 144. भावाची निसट आता 30 रुपये. हातात उरतात साडे 24 रुपये. 1,470 सौद्यांचे 36,000, त्यातून सर्व्हरचे 18,000 वजा, बाकी 18,000. दहा लाखांवर 1.8 टक्के! आणि हे मिळवण्यासाठी जी एफडी मोडायची, ती एकटीच काहीही न करता वर्षाला 47,600 देते. वर मुदतीआधी मोडल्याचा व्याजातला दंड वेगळा. वहिनी बरोबर सांगतायत.

ब्रोकरेज शून्य केलं तरी एसटीटी, मुद्रांक, एक्स्चेंजचा आकार आणि त्यावरचा जीएसटी मिळून सुमारे 0.035 टक्के राहतातच. कोणत्याही ब्रोकरकडे गेलात तरी त्याखाली जाता येत नाही. म्हणून ‘झिरो ब्रोकरेज’च्या जाहिराती बघून खातं बदलायचा विचार मनात असेल, तर आधी हा आकडा तुमच्या 0.12 समोर ठेवा. लहान सौदे करणाऱ्यांनी उलट बाजूही बघावी. जिथे ‘यातलं जे कमी’ ही अट नाही आणि सरसकट 20 रुपये लागतात, तिथे 10,000 च्या सौद्याला येण्या-जाण्याचा खर्च 50 रुपयांच्या वर जातो, म्हणजे अर्धा टक्का.

माझ्याकडे कोथरूडचे एक गृहस्थ आले होते, तुमच्यासारखाच प्रोग्राम चालवणारे. त्यांच्या नोटा छापून टेबलावर पसरल्या आणि पेन्सिलने बेरीज करत बसलो. तेव्हा लक्षात आलं की त्यांचा प्रोग्राम 2 लाखांची एक खरेदी पाच तुकड्यांत टाकत होता, भाव हलू नये म्हणून. एका ऑर्डरला 20 रुपये लागले असते, तिथे पाच तुकड्यांचे 60 लागत होते, आणि विकतानाही तसंच. शिवाय महिन्यातून दोन-तीनदा प्रोग्राम वेळेत बाहेर पडत नव्हता. मग ब्रोकर दुपारी तीननंतर स्वतः सौदा बंद करायचा आणि प्रत्येक वेळी 50 रुपये अधिक जीएसटी लावायचा. नुसत्या नफा-तोट्याच्या स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नव्हतं. तुमच्याही नोटांत या दोन गोष्टी आधी शोधा.

सेबीने जुलै 2024 मध्ये इंट्राडे करणाऱ्या सामान्य लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, 2022-23 या वर्षाचा. त्यात दहापैकी सात जण तोट्यात होते. वर्षात 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के होतं. तोट्यातल्या लोकांनी त्या तोट्याच्या वर आणखी 57 टक्के रक्कम सौद्यांच्या खर्चात घातली होती. तुमचे सौदे 1,470 आहेत, हे ध्यानात घ्या.

प्रोग्राम सोडून द्या असं मी म्हणणार नाही. मेहनत दिसते आहे. पण बॅकटेस्टमध्ये खर्च आजच घाला. तुम्हाला कोडच सोपा जाईल:

```
def kharch(b, s):
    brk = min(20, 0.0003*b) + min(20, 0.0003*s)
    exc = 0.0000297*(b + s)
    sebi = 0.000001*(b + s)
    gst = 0.18*(brk + exc + sebi)
    return brk + exc + sebi + gst + 0.00025*s + 0.00003*b
```

यात `b` म्हणजे खरेदीची रक्कम आणि `s` विक्रीची. दर तुमच्या नोटेवरून ताडून घ्या आणि प्रत्येक बाजूला भावाची एक पायरी निसट वेगळी वजा करा. मग सगळे जुने सौदे अपेक्षित हालचालीनुसार लावा आणि ज्यांत निदान 0.35 टक्के मिळायची शक्यता नव्हती, ते काढून टाका. समजा दिवसाला एकच सौदा उरला आणि त्याची सरासरी 0.40 टक्के निघाली, तर 40,000 वर 160 रुपये ढोबळ, साधारण 52 खर्च, हातात 108. वर्षाला 26,460. सर्व्हरचे 18,000 गेल्यावर 8,400 च्या आसपास. म्हणजे एवढ्या सुधारणेनंतरही सर्व्हर दोन-तृतीयांश खातो. सेबीच्या 2025 च्या नियमांनंतर एपीआयने ऑर्डर टाकायला स्थिर आयपी लागतो हे मान्य, पण त्यासाठी महिन्याला 1,500 चा सर्व्हर हवाच असं नाही. घरच्या इंटरनेटवाल्याला स्थिर आयपीचे किती घेता, ते विचारा.

आयकराचं थोडक्यात. शेअर्समधला इंट्राडे हा सट्टा-व्यवसाय मानला जातो. नफा तुमच्या स्लॅबने करपात्र. एसटीटी, ब्रोकरेज, सर्व्हर हे खर्च त्यातून वजा करता येतात, म्हणून बिलं जपून ठेवा. पण तोटा पगारातून वजा होत नाही. तो फक्त अशाच सट्टा-नफ्यातून, पुढची चार वर्षं वजा करता येतो, आणि तेही विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. चार महिन्यांचा हा तोटा या वर्षीच्या विवरणपत्रात दाखवायला विसरू नका, आणि त्यासाठी नेहमीचा पगारदारांचा फॉर्म चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागतो.

नवा निकष लावल्यावर प्रोग्राम तीन महिने कागदावरच चालू द्या, पैसे न घालता. रोजच्या नोंदीत तीन रकाने ठेवा: ढोबळ नफा, `kharch`, आणि प्रत्यक्ष मिळाला असता तो भाव. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी खर्च वजा जाता सौद्यामागे किती उरलं, तेवढा एक आकडा मला कळवा. तो 100 रुपयांच्या आत असेल, तर त्या 3 लाखांचंही दुसरं काही बघू.